कोजागिरीचा चोर-गावकरी खेळ : पहिल्याच रात्री मेलेल्या माणसाला दीड तास काय काम द्यायचं?

इंदिरानगरी

मंडळी, जरा डोकं चालवा. दरवर्षी कोजागिरीला आमच्या गच्चीवर घरचे नऊ-दहा जण जमतो, दूध आटेपर्यंत काहीतरी खेळ हवा असतो. गेल्या वर्षी तो माफिया टाईपचा खेळ घेतला, म्हणजे तीन चोर, एक शोधक, एक वैद्य, बाकी गावकरी, मी सूत्रधार. रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे, चोरांनी खुणेनं एकाला मारायचं, दिवसा भांडून मतदानानं एकाला बाहेर काढायचं.

तर पहिल्या रात्री चोरांनी वहिनीला मारलं. एक शब्द न बोलता ती बाद, आणि पुढे दीड तास ती बिचारी खाली जाऊन दूध ढवळत बसली. वर येऊन म्हणाली "हा खेळ म्हणजे मला कामाला लावायची युक्ती आहे".

दुसरं म्हणजे शोधकानं (आमचा तन्मय) दुसऱ्या दिवशीच उभं राहून सांगितलं मी शोधक, काका चोर. झालं, बाकी गावकऱ्यांना करायला काहीच नाही, त्यांच्याकडे माहितीच नाही, नुसतं "तू का हसलास" एवढंच. आणि जो गप्प बसतो त्यालाच दरवेळी बाहेर काढतात, म्हणजे सोनलला.

तिसरं, डोळे मिटलेले असताना आजीच्या बांगड्या वाजल्या आणि सगळ्यांना कळलं आजी चोर आहे 😄

यंदा मला स्वतःचा खेळ बनवायचाय, थीम कांद्याची चाळ, रात्री चाळीतून कांदा चोरीला जातो. अटी दोनच, माहिती सगळ्यांना थोडी थोडी मिळावी आणि बाद झालेला माणूस खेळात राहावा. ९ जण खेळणार, आजी, काका, मामा, वहिनी, अजित, सोनल, तन्मय, रेवा आणि पिंट्या, मी सूत्रधार. कोणी असं काही केलंय का?

रविवार_कारंजा

अहो एवढं कशाला, राजा मंत्री चोर शिपाई खेळा की. चार चिठ्ठ्या, राजा १००० मंत्री ८०० शिपाई ५०० चोर ०. कोणी मरत नाही काही नाही. आम्ही शाळेत मधल्या सुट्टीत वहीचं मागचं पान फाडून खेळायचो.

इंदिरानगरी

दादा ते चौघांचं आहे, आम्ही नऊ आहोत. आणि त्यात मंत्र्यानं एकदा अंदाज लावला की संपलं.

रविवार_कारंजा

दोन दोन गट करा मग. एक जण उरेल त्याला दूध ढवळायला लावा.

सातपूरचा_समीर

बाद करणंच काढून टाका ना मुळात. रेझिस्टन्स नावाचा खेळ आहे त्यात कोणी बाहेरच जात नाही, पाच मोहिमा असतात, दरवेळी टीम निवडायची, टीममधले गुपचूप पास-फेल पत्ता टाकतात, हेरांनी मोहीम फोडायची. प्रॉब्लेम मुळापासून संपला. आम्ही हॉस्टेलला रात्र रात्र खेळायचो. बाद करणारे खेळ आता जुने झाले.

पटावरचा

समीर, तुझं अर्धं बरोबर आहे. रेझिस्टन्समध्ये कोणी बसून राहत नाही हे खरंच, आणि तिथे माहितीही सगळ्यांना एकाच वेळी मिळते कारण मोहिमेत किती फेल पडले ते सगळ्यांसमोर उघडतं. पण त्या खेळाची जान कोण कुठल्या टीमला हो म्हणालं हे तीन फेऱ्या लक्षात ठेवण्यात आहे. गच्चीवर आजी, काका, बारा वर्षांचं पोर आणि हातात दुधाचा पेला, यात ते होत नाही, मी करून बघितलंय. शिवाय घरच्या मंडळींना "काढा याला बाहेर" यातच मजा असते, ती काढून घेतली तर उरतो हिशोब.

मी गेली काही वर्षं असे खेळ बनवतो आणि इथे कॉलेज रोडला मित्रांच्या घोळक्यावर तपासून बघतो, विकत वगैरे नाही. इंदिरानगरी, तुमचे तिन्ही त्रास मला तरी एकाच जागेवरून आलेले दिसतात. माफिया १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राच्या दिमित्री डेव्हिडॉव्हनं काढला, तेव्हा त्याचा गाभाच हा होता की थोड्यांना सगळं माहीत आणि पुष्कळांना काहीच माहीत नाही. त्यात मेलेला माणूस डोळे उघडतो, रात्री कोण चोर आहे ते बघतो, म्हणून त्याचं तोंड बंद करावं लागतं. तोंड बंद केलं की तो दूध ढवळायला जाणारच.

म्हणून मी एकच नियम धरतो, मेलेल्याला एकतर सगळं कळू द्या नाहीतर बोलू द्या, दोन्ही देऊ नका. आणि कळू देऊन गप्प बसवण्यापेक्षा न कळू देता बोलू देणं घरच्या खेळात कधीही चांगलं.

अनघा_पंचवटी

पण अमंग असमध्ये मेलेल्यांना भूत बनून कामं पूर्ण करता येतात की, त्यांना खुनी कोण ते दिसतंसुद्धा आणि जिवंतांशी बोलता येत नाही. चालतंय की तिथे.

पटावरचा

चालतं कारण तिथे फोनमध्ये करायला कामं आहेत आणि भुतांनी ती पूर्ण केली की बाजू जिंकते. तो "कळतं पण बोलत नाही" या बाजूचा नीट केलेला खेळ आहे. गच्चीवर तुम्ही भुताला काय काम देणार, शेंगा सोलायचं? समोरासमोरच्या खेळात बोलणं हेच काम आहे.

अनघा_पंचवटी

बरं मग पहिल्या मेलेल्याला सूत्रधाराचा मदतनीस करायचा. आम्ही भिशीत तसंच करतो.

पटावरचा

एकाला काम मिळालं. दुसरा मेला की? आणि मदतनीसाला सगळं कळतं, म्हणजे तो पुन्हा गप्प.

इंदिरानगरी

हे पटलं. पण बोलू द्यायचं म्हणजे मेल्यानं काही फरकच पडत नाही असं नाही का होणार?

पटावरचा

पडतो, मत जातं. ब्लड ऑन द क्लॉकटॉवर म्हणून खेळ आहे त्यातली ही गोष्ट मी सरळ उचलतो. मेलेला माणूस चर्चेत पूर्ण भाग घेतो, पण उरलेल्या अख्ख्या खेळात त्याला एकच मत. कधी वापरायचं ते त्यानं ठरवायचं. हे छोटं दिसतं पण त्यानं माणूस जागा राहतो, कारण लवकर मेलेला शेवटपर्यंत विचार करत असतो की आत्ता टाकू का राखून ठेवू. मात्र मेल्यावर भूमिका उघड करायची नाही. नाहीतर तो बोलतो त्याला वजनच राहत नाही, गावकरी निघाला तर त्याचं सगळं खरं आणि चोर निघाला तर सगळं खोटं.

आणि पहिल्या रात्री कोणालाच मारायचं नाही. खेळ दिवसानं सुरू करा. प्रत्येकाला निदान एक दिवस तरी जिवंतपणी तोंड उघडायला मिळालं पाहिजे.

देवळालीकर

माझा वेगळा प्रश्न आहे. माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. डोळे मिटा म्हटलं की त्यांना कधी उघडायचे तेच कळत नाही, खांद्याला हात लावून उठवलं तर शेजारच्याला कळतं. म्हणून ते खेळतच नाहीत, "तुम्ही खेळा" म्हणून आत जाऊन टीव्ही लावतात. त्याला काही उपाय?

पटावरचा

डोळे मिटायचेच नाहीत, हा उपाय. त्यातच आजींच्या बांगड्यांचाही प्रश्न सुटतो. चोरांच्या पहिल्या चिठ्ठीवरच जोडीदाराचं नाव लिहून द्यायचं, म्हणजे त्यांना एकमेकांना बघायची गरज नाही. मग रात्र झाली की जिवंत असलेल्या प्रत्येकानं एका कागदाच्या चिठोऱ्यावर एक नाव लिहायचं, घडी घालायची, टोपलीत टाकायचं. गावकरी ज्याचा संशय आहे त्याचं नाव लिहितो, ते मोजायचंच नाही. चोर ज्याला मारायचं त्याचं लिहितो. दोन चोरांची नावं वेगळी आली तर मोठ्या चोराचं खरं धरायचं. चिठोऱ्यांवर मागे १ ते ९ नंबर आधीच टाकून ठेवा म्हणजे सूत्रधाराला कोणाचा कुठला ते कळतं. सगळे एकच हालचाल करतात, आवाज नाही, हातवारे नाहीत. फक्त एक बघा, चोर नाव लिहायला जास्त वेळ लावतो, म्हणून सगळ्यांनी लिहून झालं तरी पेन हातात धरून थांबायचं आणि सूत्रधारानं "ठेवा" अशी खूण केली की एकदम ठेवायचे.

देवळालीकर

हे वडिलांना जमेल. बेस्ट.

सातपूरचा_समीर

बरं आता माहितीचं सांगा. सगळ्यांना एकेक क्लू दिला की झालं ना? सगळ्यांना सारखा. तेच फेअर.

पटावरचा

इथेच बहुतेकांचा खेळ फसतो, माझाही पहिला तसाच फसला होता. नऊ जण आणि दोन चोर धरा (तीन नको, शोधक-वैद्य काढून टाकल्यावर नवात तीन चोर गावाला जड जातात). चोरांची जोडी किती प्रकारे असू शकते? ३६. गावाचं काम म्हणजे ३६ जोड्यांतून एक शोधायची.

आता इंदिरानगरींच्याच घरातली नावं घेतो. वहिनींच्या चिठ्ठीवर लिहिलंय "काका, सोनल, तन्मय यांच्यात निदान एक चोर आहे". ती खरी मानली तर ३६ च्या २१ उरल्या. मामांची चिठ्ठी म्हणते "आजी, रेवा, पिंट्या यांच्यात निदान एक". चोर दोनच, म्हणजे एक इकडचा एक तिकडचा, तीन गुणिले तीन, ९ उरल्या. आता अजितच्या चिठ्ठीवर "सोनल आणि आजी, दोघीही स्वच्छ". राहिल्या काका किंवा तन्मय, आणि रेवा किंवा पिंट्या. ४ जोड्या. तीन खऱ्या चिठ्ठ्यांत ३६ च्या ४ झाल्या! सातही गावकऱ्यांना अशीच चिठ्ठी दिलीत तर दूध तापायच्या आत खेळ खलास.

म्हणून सारखी माहिती द्यायची नाही. प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असावं, एवढंच पुरतं. मी तिघांना अशी ठोस चिठ्ठी देतो आणि बाकी चौघांना हलक्या, म्हणजे "एका दिवशी तुझं मत दोन धरलं जाईल", किंवा "तुला रात्री मारलं तर एकाचं नाव सूत्रधाराला दाखव, तो चोर आहे का ते कळेल". ही शेवटची मला फार आवडते, कारण चोर मारायला घाबरतात आणि मेलेल्यालाही काहीतरी मिळतं.

सातपूरचा_समीर

पण तिघं खरं बोलले की ४ जोड्या राहिल्याच की. चोर काय करणार मग?

पटावरचा

चोरांनाही माहिती लागते, हे लोक विसरतात. गावकऱ्याकडे चिठ्ठी आहे आणि चोराकडे काहीच नाही, म्हणजे "तुझी चिठ्ठी काय?" विचारलं की तो अडखळतो आणि तिथेच पकडला जातो. त्याला खोटं बोलायला कच्चा माल द्या. प्रत्येक चोराच्या चिठ्ठीवर खेळात नसलेल्या दोन चिठ्ठ्यांचा मजकूर लिहून द्या, त्यातली एक माझी म्हणून त्यानं सांगायची. मग टेबलावर तीन खऱ्या आणि एक-दोन खोट्या ठोस चिठ्ठ्या येतात आणि त्या एकमेकींना छेद देतात.

आणि दुसरं, भांग. एका ठोस चिठ्ठीवाल्याला चुकीची चिठ्ठी द्यायची, त्याला न सांगता. तो गावकरीच आहे, खरं बोलतोय असंच त्याला वाटतं, पण त्याच्या दुधात भांग होती 😀 सगळ्यांना खेळाआधी एवढंच सांगायचं की कोणीतरी एक भांग प्यालाय. याचा फायदा असा की चिठ्ठ्या जुळल्या नाहीत म्हणजे समोरचा चोरच असं लगेच म्हणता येत नाही.

खेळाआधी सूत्रधारानं ३६ जोड्यांचा तक्ता वहीत काढून खुणा करायच्या, सगळ्या ठोस चिठ्ठ्या खऱ्या मानल्या तर किती उरतात आणि भांगेची सोडून किती. दोन्हीकडे तीनच्या खाली आकडा आला तर चिठ्ठी बदला.

अनघा_पंचवटी

भांगेचं मला नाही पटलं. आमच्या भिशीत एकीला अशी चुकीची चिठ्ठी दिली असती तर तिनं पुढचे सहा महिने ऐकवलं असतं, "मला मुद्दाम खोटं दिलं". फेअर माहिती म्हणता आणि सूत्रधारच खोटं बोलतो?

पटावरचा

आधी सांगितलेलं खोटं आहे ते. पण हो, काही घोळक्यांत हे चालत नाही, मान्य. मग ठोस चिठ्ठ्या तीनऐवजी दोन करा.

गोदाकाठ

एक भर घालतो. नववा माणूस ऐनवेळी दहावा घेऊन आला तर सरळ घ्या म्हणतात लोक, गावाला फायदाच, एक गावकरी वाढला. उलटं होतं! चिठ्ठ्या वगैरे काही नाहीत, एकच चोर आहे आणि गाव डोळे झाकून मत देतंय असं धरा. खेळ दिवसानं सुरू, पाच जण असतील तर गाव १५ पैकी ७ वेळा जिंकतं, सहा असतील तर ८ पैकी ३ वेळाच. म्हणजे जवळपास ४७ टक्क्यांवरून साडेसदतीसवर. कारण सम संख्या झाली की गावाला मतदानाची संधी तेवढीच मिळते, पण चुकीच्या माणसावर बोट जायला एक डोकं जास्त. कागदावर मांडून बघा.

इंदिरानगरी

अरे म्हणजे गेल्या वर्षी शेजारचे काका आल्यावर गाव हरायला लागलं ते उगीच नाही! मी त्यांनाच दोष देत होतो.

सगळ्यांचे आभार, या रविवारी ट्रायल घेतो, मग सांगतो.

इंदिरानगरी

ट्रायल झाली, लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर सोडा.

नऊ जण, दोन चोर, काका आणि रेवा, काका मोठा चोर. पटावरचा यांनी लिहिल्या तशाच वहिनीला आणि मामांना चिठ्ठ्या दिल्या, योगायोगानं दोन्ही खऱ्या ठरत होत्या. भांग अजितला, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं "काका आणि आजी, दोघेही स्वच्छ". दिवस पाच मिनिटांचा, फोनवर टायमर. मेल्यावर हातात एक बदाम द्यायचा, मत टाकताना बदाम टोपलीत टाकायचा म्हणजे कोणाचं मत उरलंय ते दिसतं. मतं जिवंतांच्या निम्म्याहून कमी नकोत आणि सगळ्यात जास्त हवीत, बरोबरी झाली तर कोणी जात नाही.

पहिल्या दिवशी कोण गेलं? वहिनीच!! तिनं चिठ्ठी इतकी घडाघडा वाचून दाखवली की सगळे म्हणाले पाठ करून आलीये. पण यंदा ती खाली गेली नाही, बदाम मुठीत धरून शेवटपर्यंत भांडत होती, आणि दूध ढवळायला मला जावं लागलं.

रात्री तन्मय मेला. दुसऱ्या दिवशी रेवा गेली, तिथे तन्मयनं आपला बदाम खर्च केला. मग रात्री अजित मेला, तिसऱ्या दिवशी मामांना काढलं, रात्री पिंट्या. शेवटच्या दिवशी जिवंत तिघंच, काका, सोनल, आजी.

आता बघा. वहिनी म्हणते माझ्या चिठ्ठीतले तिघे काका, सोनल, तन्मय, तन्मयला चोरांनीच मारलं, म्हणजे काका नाहीतर सोनल. अजित म्हणतो काका स्वच्छ आहेत, माझ्याकडे लिहून आलंय, म्हणजे सोनल. म्हणजे प्रश्न एवढाच की भांग अजितला आहे का वहिनीला, का वहिनी मुळात चोरच होती. आणि अजितला स्वतःच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा का ते ठरवायचं होतं, तो मेलेला असून दहा मिनिटं डोकं धरून बसला होता (टायमर मीच बंद केला, एवढी मजा येत होती).

त्यानं चिठ्ठीवरच विश्वास ठेवला. सोनलवर तीन, काका, रेवाचा बदाम, अजितचा बदाम. काकांवर तीन, सोनल, वहिनीचा बदाम, पिंट्याचा बदाम. आजी म्हणाली मी पोटच्या पोरावर बोट दाखवणार नाही आणि सोनलवर पण नाही, मत नाही. उरले मामा. मामा काकांवर देणार होते. मामांचा बदाम कुठे? मामांनी दुधाबरोबर खाल्ला होता.

बरोबरी. कोणी गेलं नाही, रात्री सोनल मेली, चोर जिंकले. मामांना अजून कोणी माफ केलेलं नाही.

रविवार_कारंजा

😂😂😂 मामा अमर रहे

सातपूरचा_समीर

मान्य, हे रेझिस्टन्समध्ये झालं नसतं. पण एक सांगा, शेवटी मेलेल्यांची मतं चार-पाच आणि जिवंतांची तीन. मग जिवंत राहून उपयोग काय? खेळ भुतांनीच चालवला की.

पटावरचा

ही शंका बरोबर आहे आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मेलेल्या चोराकडेही बदाम असतो त्यामुळे एकतर्फी होत नाही, रेवाचा बघा कसा कामाला आला. पण उशिरा मेलेल्याला बदाम खर्च करायची वेळच आलेली नसते, त्यामुळे शेवटच्या दिवशी ते सगळे एकदम येतात. मी एकदा बदाम फक्त पहिल्या तीन मेलेल्यांना देऊन बघितले, तर चौथा मेल्या मेल्या फोन काढून बसला. म्हणून परत सगळ्यांना द्यायला लागलो.

दुसरं, मामांच्या बाबतीत मी टोपलीत टाकायची वस्तू खाण्याची ठेवणार नाही. चिंचोके वापरा.

अनघा_पंचवटी

आणि अजित काय म्हणाला भांगेबद्दल? खरं सांगा.

इंदिरानगरी

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग काल फोन करून विचारलं, कोजागिरीला भांग कोणाला देणारेस. सांगितलं नाही.

अनघा_पंचवटी

बघा. मी म्हटलं होतं.

देवळालीकर

आम्ही पण काल खेळलो, सहाच जण होतो, एक चोर. वडील चोर होते. पेन ठेवायच्या खुणेमुळे कोणाला काही कळलं नाही, ते जिंकले आणि आता रोज रात्री जेवण झालं की टोपली घेऊन बसतात. सहा जणांना ठोस चिठ्ठ्या किती द्यायच्या? तीन दिल्या तर पहिल्याच दिवशी सापडतात, एक दिली तर कोणी काही बोलतच नाही.

गोदाकाठ

सहा सम आहे, आधी पाच करा किंवा सात.

देवळालीकर

घरात सहाच आहेत हो, एकाला कुठे पाठवू?

रविवार_कारंजा

दूध ढवळायला.